आत्यांच्या जागी आजी: चेहरा बदलून काय जमतं, काय जमत नाही

*«दादा, लग्नातला घरच्यांचा ग्रुप फोटो मोठा करून बैठकीत लावायचाय. आजी लग्नाआधीच्या पावसाळ्यात गेली. फोटोत आजोबांच्या शेजारी आत्या बसलीय, तिच्या अंगावर आजीचा चेहरा बसवून द्या. मी मोबाइलच्या अ‍ॅपवर करून बघितलं, तर सगळे म्हणू लालेत, ही कोण बाई? तुमच्याकडं नीट होईल का? थोरल्या दाजींचे डोळे मिटलेत, तेही उघडा. अन् व्हिडिओत आजी अक्षता टाकताना दाखवता येईल का? खर्च किती येईल?»*

ताई, नमस्कार.

दाजींचं काम आधी सांगतो, कारण ते झाल्यातच जमा आहे. तुमच्या ग्रुपचे लागोपाठ पाच फोटो काढलेले आहेत. कॅमेरा स्टँडवर होता, छत्रीचा फ्लॅश जागचा हलला नव्हता आणि दाजीही त्याच जागी उभे होते. चौथ्या फोटोत त्यांचे डोळे छान उघडे आहेत. तिथलं डोकं उचलून मोठा करायच्या फोटोत ठेवायचं, एवढंच. नुसते डोळे कापून लावत नाही, कारण डोळा मिटला की भुवई खाली येते आणि गालही थोडा वर चढतो. फक्त डोळे बदलले तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळंच घ्यायचं. चेहरा त्यांचा, उजेड तोच, वेळही तीच, त्यामुळं त्यात खोटं काही नाही आणि ओळखूही येणार नाही. याचे वेगळे पैसे घेत नाही.

आजींचं काम मात्र वेगळ्या जातीचं आहे. दुकानावर येणारी बरीच मंडळी दोन्हींना ‘चेहरा बदलणं’च म्हणतात आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्याला लावतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या अ‍ॅपनं जे केलं त्यात तुमची चूक नाही, आणि अ‍ॅपही बिघडलेलं नाही. ते जे करायला बनवलंय तेच त्यानं केलं. आपल्याला वाटतं की अ‍ॅप आजींच्या फोटोतून चेहरा कापतं आणि आत्यांच्या चेहऱ्यावर चिकटवतं. तसं ते करत नाही. आजींच्या फोटोतून ते फक्त एक वर्णन काढतं. सोयरीक जुळवताना मध्यस्थ जसं नाक असं, डोळे असे, ठेवण अशी म्हणून सांगतो, तसंच. फरक इतकाच की हे वर्णन शब्दांत नसून ५१२ आकड्यांत असतं. मग अ‍ॅप आत्यांचा चेहरा घेतं, दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू धरून तो सरळ करतं, आणि त्या वर्णनात बसेल असा नवा चेहरा आत्यांच्या चेहऱ्यावर रंगवतं. म्हणजे मान कुठं वळलीय, हसू किती, उजेड कुठून पडलाय, दात दिसतात की नाही, हे सगळं आत्यांचंच राहतं. आजींचा मूळ फोटो त्या चित्रात कुठंच नसतो.

आता खरी मेख इथं आहे. हे वर्णन काढणारं यंत्र मुळात माणूस ओळखण्यासाठी बनलंय. तोच माणूस तरुणपणी आणि म्हातारपणी, हसताना आणि रागात, उन्हात आणि सावलीत एकच ओळखू यावा, असं त्याला शिकवलेलं असतं. मग सुरकुत्या, वय, उजेड याकडं ते मुद्दाम काणाडोळा करतं. ओळख पटवायला हे चांगलंच, पण तुमच्या कामाला नेमकं तेच मारक ठरतं. आजींची ओळख तुमच्या घराला कशानं पटते? कपाळावरच्या गोंदणानं, बसलेल्या गालांनी, दात गेल्यावर आत वळलेल्या ओठांनी. यातलं बहुतेक काही त्या आकड्यांत उतरत नाही. म्हणून तुम्हाला नाकीडोळी आजींसारखी, पण आत्यांच्या वयाची आणि आत्यांचंच हसू हसणारी बाई मिळाली. घरचे ‘ही कोण’ म्हणतात ते बरोबर आहे, कारण अशी बाई कधी नव्हतीच.

दुसरी गोष्ट आकाराची. अशा कामासाठी गाजलेलं, कित्येक अ‍ॅपच्या पोटात वापरलं जाणारं एक मॉडेल, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम, आहे, त्याचं नाव `inswapper_128`. त्या नावातला आकडा म्हणजे चेहऱ्याचा चौकोन: १२८ पिक्सेल रुंद, १२८ पिक्सेल उंच. एवढ्याशा चौकोनात चेहरा बनतो आणि मग ताणून मोठ्या फोटोवर बसतो. ताणल्यावर तो धुरकट दिसतो, म्हणून त्यावर चेहरा ‘स्वच्छ’ करणारं दुसरं मॉडेल फिरवतात. ते बारकावे शोधून काढत नाही, अंदाजानं भरतं. अशी मॉडेलं ज्या फोटोंवर शिकलीत त्यांतला एक मोठा संग्रह म्हणजे फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले ७०,००० चेहरे. आपल्याकडच्या गोंदलेल्या म्हाताऱ्या बायका त्यात कितीशा असणार? साहजिकच गोंदण त्याला डाग वाटतो आणि तो पुसून टाकतं. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात आजींच्या भुवयांमधलं गोंदण गेलंय, आणि त्या जागी कातडी लग्नातल्या मेकअपसारखी गुळगुळीत झालीय, ते बघा. शिवाय तोंड. आत्या दात दाखवून हसतायत, त्यामुळं आजींना वरची सगळी बत्तिशी आलीय! आजोबांनी हा फोटो बघितलाय का, माहीत नाही. बघितला नसेल तर दाखवू नका.

म्हणून हे काम मी अ‍ॅपनं करत नाही. आजींच्या खऱ्या फोटोतलं खरं डोकं, पदरासकट, कापून आत्यांच्या खांद्यावर हातानं बसवतो. यात वेळ जातो, पण जे दिसतं ते आजींचंच असतं. मर्यादा मात्र सरळ आहे: मूळ फोटोत जे आहे तेवढंच मिळतं. म्हणून अर्धं काम फोटोशॉपच्या आधी, फोटो निवडण्यातच होतं.

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेले तीन फोटो बघितले. आधार कार्डावरचा बाद. तो मुळातच छोटा असतो, आणि छपाईचे ठिपके स्कॅनमध्ये चेहऱ्यापेक्षा ठळक येतात. दुसरा, भाच्यानं मोबाइलवर काढलेला जवळचा फोटो तुम्हाला सर्वांत आवडतोय, हे मला कळतं. आजी त्यात प्रसन्न दिसतात, फोटो स्वच्छही आहे. तरीही तो ग्रुपमध्ये चालणार नाही. तो हातभर अंतरावरून काढलाय. इतक्या जवळून काढलं की नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, त्यामुळं नाक फुगतं आणि चेहरा कडेनं निमुळता होतो. ग्रुप फोटो मी पंधरा-सोळा फुटांवरून काढलाय. तिथं सगळ्यांचे चेहरे सपाट, रुंद आणि कानांसकट आलेत. जवळून काढलेलं डोकं त्या ओळीत ठेवलं की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकत राहतं. ओढूनताणून नाक लहान करता येईल, पण आजींचं खरं नाक किती, हे मग मी ठरवल्यासारखं होईल. तो फोटो एकटा फ्रेम करायला फार छान आहे, तसाच ठेवा.

तिसरा भिंतीवरच्या तसबिरीचा. तो काचेवरून मोबाइलनं काढलाय, त्यामुळं ट्यूबलाइटची पट्टी डाव्या गालावरून गेलीय. वर व्हॉट्सॲपनं साध्या पद्धतीनं पाठवताना फोटो बारीक केला: लांब बाजू १६०० पिक्सेलची झाली आणि त्यात आजींचा चेहरा जेमतेम १८० पिक्सेलचा उरला. पुढच्या वेळी कुठलाही फोटो पाठवाल तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा येतो.

खरा कामाचा फोटो तुमच्या भावानं ठेवून गेलेल्या आल्बममध्ये निघाला: तुळजापूरचा, कोपऱ्यात २०१४ छापलेला. नवरा-नवरीला देवीच्या दर्शनाला नेतात तेव्हा आवारातला फोटोवाला हमखास गाठतो, तसला चार बाय सहाचा प्रिंट आहे. आजी-आजोबा शेजारी शेजारी उभे आहेत, दोघंही सरळ कॅमेऱ्याकडं बघतायत. फोटो कमानीच्या सावलीत काढलाय, ही मोठी मेहेरबानी. उन्हात काढला असता तर पदराची काळी सावली डोळ्यांवर पडली असती, आणि अशा सावलीखाली काही उरलेलंच नसतं, उजळ केलं की राखाडी चिखल होतो. सावलीतला उजेड मऊ आणि सगळीकडून सारखा असतो. त्यावर एका बाजूनं छाया चढवता येते. उलटं करता येत नाही. ग्रुप फोटोत छत्री माझ्या डाव्या हाताला होती, म्हणजे सगळ्यांच्या नाकांची सावली फोटोत उजवीकडं पडलीय. आजींच्या चेहऱ्यावरही तेवढीच छाया हलक्या हातानं द्यायची.

कुणीतरी सुचवेल की दुसऱ्या एखाद्या फोटोत उजेड उलट बाजूनं असेल तर तो आरशासारखा फिरवून घ्या. ते मी टाळतो. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. आजींची मोरणी डाव्या नाकपुडीत आहे, ती उजवीकडं जाईल. पदराची घडी बदलेल. आणि साठ वर्षं शेजारी राहिलेल्या आजोबांना तर ते लगेच कळेल.

आता मापाचं बघा, कारण अशी कामं बहुधा इथंच फसतात. तुमचा ग्रुप फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. खुर्च्यांच्या ओळीत नऊ माणसं आहेत, त्यामुळं प्रत्येक चेहरा साधारण २५० पिक्सेल उंच आलाय. तुम्हाला हवी ती बारा बाय अठराची प्रिंट काढली की तो चेहरा कागदावर पाऊण इंचाचा होतो. तुळजापूरच्या प्रिंटमध्ये आजींचा चेहरा सुमारे १५ मिलिमीटर आहे. तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की साडेतीनशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. गरज अडीचशेची, हातात साडेतीनशे. म्हणून तुमचं काम होतंय. उद्या म्हणाल की याच फोटोतून नुसत्या आजींचा दोन फुटी फोटो काढून द्या, तर नाही म्हणावं लागेल.

डोकं केवढं ठेवायचं? आत्यांच्या डोक्याच्या मापाचं ठेवलं तर चुकेल, कारण आत्या अंगानं थोराड आहेत आणि आजी लहानखुऱ्या होत्या. इथं तुळजापूरचा फोटोच साक्ष देतो. त्यात भुवईपासून हनुवटीपर्यंत आजोबांचं माप ११ मिलिमीटर आणि आजींचं १० आहे. दोघं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर उभे आहेत, म्हणून ही तुलना धरता येते. ग्रुप फोटोत आजोबांचं तेच माप १६५ पिक्सेल येतं. त्याच प्रमाणात आजींचं १५० हवं. आत्यांचं १७० आहे. म्हणजे डोकं आत्यांच्यापेक्षा बरंच लहान बसणार, आणि तसं ते बसवलं की खाली आत्यांचे खांदे पहिलवानासारखे रुंद दिसणार. मग खांदे आणि दंडही थोडे आत घ्यावे लागतात. साडीच्या काठाची नक्षी वाकडी न होता जेवढं आत येईल तेवढंच. कपाळावरून पदर घेतलेला आहे म्हणून भुवईपासून मोजलं. केसांपासून मोजायला गेलं असतं तर फसगत झाली असती.

पदराबद्दल एक सांगतो. आजींच्या डोक्यावर पदर आहे, हे आपल्या पथ्यावर पडलंय. डोकं बसवताना सगळ्यात अवघड जागा मान, कान आणि केसांची कड. पदरानं या तिन्ही झाकल्या जातात. पण तुळजापूरला आजी हिरव्या नऊवारीत आहेत आणि लग्नात आत्यांची साडी जांभळी आहे. आजींच्या पदराच्या घड्या, छाया तशाच ठेवून रंग तेवढा जांभळा करायचा आणि गळ्याशी काठावर काठ जुळवायचा. मानेचा जो थोडा भाग उघडा राहील तिथं आत्यांची कातडी जाऊन आजींची येईल, कारण चेहरा ऐंशीचा आणि गळा पंचावन्नचा असं चालत नाही.

हातांचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. मांडीवर ठेवलेले हात आत्यांचे आहेत आणि आत्यांचेच राहतील. तुळजापूरच्या फोटोत आजींचे हात पदराखाली झाकलेले आहेत. मी बांगड्यांची चमक थोडी कमी करीन आणि बोटांवर थोडी सावली देईन, पण जवळ जाऊन बघणाऱ्याला ते हात शेतात राबलेल्या बाईचे नाहीत हे कळेल. तुम्हाला ते नको असेल तर एक उपाय आहे: आजोबांच्या मांडीवरच्या उपरण्याचा सोगा त्या पाचांतल्या दुसऱ्या एका फोटोत जास्त पसरलाय, तो तिथून घेऊन आत्यांच्या डाव्या हातावर आणता येईल. उजवा हात तरीही उघडा राहील.

हसण्याचं तर आधीच सांगून ठेवतो. तुळजापूरच्या फोटोत आजींचं तोंड मिटलेलं आहे, चेहरा गंभीर आहे. ग्रुपमध्ये आजूबाजूचे सगळे हसतायत. आजीही हसतायत असं करा, अशी मागणी पुढं घरातून येईल, नेहमी येते. ओठांचे कोपरे वर ओढणं फोटोशॉपमध्ये अवघड नाही. पण हसताना गाल, डोळ्याखालची कातडी, हनुवटी सगळं हलतं, आणि दात नसलेलं तोंड हसताना कसं दिसतं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. ते फोटोत नसेल तर मी मनानं रचणार नाही. नेमक्या त्या हसण्यावरूनच तर घरचे आजींना ओळखतात. त्या पिढीच्या बायका कॅमेऱ्यासमोर गंभीरच बसायच्या. ग्रुपमध्ये त्या तशा दिसल्या तर उलट खऱ्या वाटतील.

यानंतरचं काम बारीक आहे, पण त्याशिवाय जोड लपत नाही. सावलीतला फोटो निळसर असतो आणि कार्यालयातला पिवळसर, म्हणून आधी दोन्हींचा उजेड काळ्या-पांढऱ्यात जुळवतो आणि रंगाकडं नंतर बघतो. रंगात डोळा फसतो, काळ्या-पांढऱ्यात चुकलेलं लगेच उघडं पडतं. मग धार. स्कॅन केलेला चेहरा आजूबाजूच्यांपेक्षा जास्त धारदार किंवा जास्त मऊ असेल तर तो कापून लावल्यासारखाच दिसतो. तो शेजारच्या आजोबांच्या चेहऱ्याइतका मऊ करायचा आणि कॅमेऱ्याच्या फोटोत असतात तसे बारीक कण त्यावर टाकायचे. आणि डोळ्यांतला उजेडाचा ठिपका: बाकी सगळ्यांच्या बुबुळांत छत्रीचा पांढरा ठिपका डावीकडं वर आहे. सावलीतल्या फोटोत आजींच्या डोळ्यांत तो नाही. एवढासा ठिपका, पण तो नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात. तो मी घालणार आहे. ही माझी भर आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

आत्या फोटोतून जातील असं मात्र होणार नाही. पाचव्या फोटोत त्या उठून मागच्या ओळीत तुमच्या काकूंशेजारी उभ्या राहिल्यात. कॅमेरा हलला नसल्यानं तिथून त्या तशाच घेता येतात, तिथं फक्त काकूंची कोपरापासूनची बाजू नव्यानं जुळवावी लागेल. तरी काम सुरू करण्याआधी आत्यांना आणि आजोबांना विचारा, ही माझी अट समजा. आत्यांना आपल्या अंगावर आईचं डोकं बघवेल की नाही, हे आपण नाही ठरवायचं. आजोबांना पहिल्यांदा दाखवायचं तेही तयार फ्रेम म्हणून नको, साधी छोटी प्रिंट घरी नेऊन निवांत दाखवा. ते ‘नको’ म्हणाले तर माझ्याकडं जुनी पद्धत आहेच: ग्रुप फोटो आहे तसा, आणि वरच्या कोपऱ्यात लंबगोल चौकटीत आजी. पूर्वी आमच्याकडं सर्रास तसंच करायचे. त्यात भाच्यानं काढलेला तुमचा आवडता फोटोही चालेल, कारण तिथं तो कुणाच्या खांद्यावर बसवायचा नसतो. खरं विचाराल तर मला वैयक्तिक तेच जास्त आवडतं.

बदललेली फाइल मी वेगळ्या नावानं देतो, नावातच ‘edit’ लिहून, आणि मूळ फोटोची छोटी प्रिंट सोबत देतो. फ्रेमच्या पाठीमागं आजींच्या निधनाचं साल आणि लग्नाची तारीख लिहून ठेवा. नातवंडं उद्या विचारतील, पणजी लग्नाला होती का म्हणून. आणि हे घरात लावण्यासाठीच आहे. बँक, पेन्शन, वारसा असल्या कुठल्या कागदासाठी कुणी मागितलं तर दुकानातून मिळणार नाही, हे मी सगळ्यांनाच सांगतो.

व्हिडिओचं उत्तर ‘नाही’ असं आहे. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात. अक्षता टाकण्याचा दहा सेकंदांचा तुकडा धरला तरी अडीचशे झाली, आणि प्रत्येकावर हातानं डोकं बसवणं हे होणारं काम नाही. म्हणजे पुन्हा तेच यंत्राचं चेहरा रंगवणं आलं, आणि तुम्हाला खटकलेलं सगळं तिथं परत येतं, वर हलतंही. अक्षता टाकताना हात चेहऱ्यासमोरून जातो, माणूस बाजूला वळतो. तेवढ्या क्षणी आत्यांचा चेहरा खालून डोकावतो आणि परत आजींचा येतो. आणि समजा सगळं जुळलंच, तरी हात उचलायची लकब, मान तुकवणं, उभं राहणं आत्यांचंच असणार. त्यापेक्षा कुणाच्या मोबाइलवर आजींचा बोलतानाचा एखादा खरा तुकडा असेल तर शोधा, अर्ध्या मिनिटाचा असला तरी. मंगलाष्टकांच्या आधी तो आवाजासकट लावून देतो. नसेल तर तुळजापूरचा फोटो लावू.

खर्चाचं: आजींचं पूर्ण काम १८०० रुपये, बारा बाय अठराची प्रिंट आणि फ्रेम वेगळी. आधी पाच बाय सातची कच्ची प्रिंट दाखवतो. ती घरात आजींना जवळून ओळखणाऱ्या पण या कामाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला दाखवा, उदगीरच्या मामांसारख्या, आणि काही न सांगता गप्प राहा. ते ‘आजी कधीची?’ म्हणाले तर जमलं. ‘हिच्या चेहऱ्याला काय केलं?’ म्हणाले तर कुठं नजर अडली ते विचारून घ्या, तेवढं दुरुस्त करतो. मोबाइलवर बोटांनी मोठं करून मत देऊ नका, तिथं कुठलाही फोटो फुटतोच. भिंतीवर धरून चार फुटांवरून बघा. तरीही घराला पटलं नाही तर फक्त कच्च्या प्रिंटचे पैसे घेईन आणि लंबगोल चौकटीचा फोटो करून देईन.

आता माझ्याकडून एकच अडलंय: गोंदण. तुळजापूरच्या प्रिंटमध्ये ते नुसता निळसर ठिपका दिसतं, मधली फुली आणि हनुवटीवरचे ठिपके कळत नाहीत. तसबिरीतल्या फोटोत ते स्पष्ट असावं. म्हणून ती तसबीर इकडं गंजगोलाईला कुणी येणार असेल त्याच्यासोबत पाठवा, हारासकट नको. घरी काच काढू नका. जुना फोटो ओलीनं काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहऱ्याचाच पापुद्रा काचेवर राहतो. चिकटलेला निघाला तर मी काचेसकटच दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावून, समोर काळं कापड धरून त्याचा फोटो घेईन, म्हणजे काचेत चमक येणार नाही. येताना आजोबांना एकदा विचारून या, हनुवटीवर ठिपके तीन होते की पाच.

आपला,
स्टुडिओवाला, लातूर